पट्ट्यावरचा कॅमेरा दुपारी खोटा जॅम दाखवतो आणि खरा जॅम सोडून देतो: कुठून तपासायला सुरुवात करायची

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यांमध्ये पॅकिंगच्या पट्ट्यावर लावलेले कॅमेरे मी गेली काही वर्षं बसवतो आणि दुरुस्त करतो. घडी घातलेला, प्लास्टिकच्या पिशवीत भरलेला टॉवेल पट्ट्यावरून टेपिंग मशीनकडे जातो. वर एका जागी पक्का बसवलेला कॅमेरा असतो. त्याची कामं दोनच. घडीचा कोपरा उघडा राहिलेला किंवा लेबल नसलेला नग ओळखणं, आणि माल अडकला की हूटर वाजवणं.

मला येणाऱ्या दहा फोनांपैकी बहुतेक फोन एकाच तक्रारीचे असतात: "बसवला तेव्हा बरोबर चालत होता, आता बिघडला." त्यात सॉफ्टवेअर खरंच बिघडलेलं क्वचित सापडतं. कॅमेऱ्याला दिसणारं चित्र बदललेलं असतं, आणि ते न बघता लोक आकड्यांना हात घालतात. म्हणून ज्या क्रमाने मी स्वतः तपासतो तोच क्रम इथे देतो. आधी फुकटातलं, मग खर्चाचं.

लक्षणं

खालीलपैकी एक जरी तुमच्याकडे होत असेल तर पुढचं वाचा.

- पट्टा सुरळीत चालू असताना हूटर वाजतो, आणि तो दिवसाच्या ठरावीक वेळेलाच वाजतो.
- टेपिंग मशीनच्या तोंडाशी पाच-सहा नग साचले तरी हूटर वाजत नाही.
- सकाळी नीट चालतं, संध्याकाळनंतर चांगले नगसुद्धा खराब म्हणून बाजूला काढले जातात.
- हूटर वाजतो, पण माल अडकून बराच वेळ झाल्यावर. कॉम्प्युटर बंद-चालू केला की दोन तास बरं चालतं.
- नवा रंग किंवा नवी पिशवी आली की चुका वाढतात.

तपासायच्या आधी एक काम करा. लाइनवरच्या माणसाकडे एक वही द्या आणि दोन दिवस प्रत्येक खोट्या हूटरची वेळ, आणि सुटलेल्या प्रत्येक जॅमची वेळ लिहायला सांगा. घड्याळात बघून, मिनिटासकट. या वहीने माझे जितके तास वाचवलेत तितके कुठल्याही यंत्राने वाचवलेले नाहीत. चुका दिवसभर विखुरलेल्या असतील तर कारण वेगळं, आणि रोज एकाच वेळेला येत असतील तर वेगळं.

पहिलं: काच पुसा, पण कॉम्प्रेसरच्या हवेने नाही

टेरी टॉवेलची रुई सगळीकडे उडते. कॅमेऱ्याच्या काचेवर तिचा पातळ थर बसला की चित्र धूसर होतं, पांढऱ्या टॉवेलची कड पट्ट्यात मिसळते आणि उघडा कोपरा दिसेनासा होतो. घुमटासारखं झाकण असलेला कॅमेरा असेल तर रात्री त्याचे स्वतःचेच इन्फ्रारेड दिवे त्या रुईवरून परत फिरतात आणि सगळं चित्र पांढुरकं होतं.

कारखान्यात हाताशी एअरगन असते, म्हणून सगळे तिनेच फुंकतात. कॉम्प्रेसरच्या हवेत तेल आणि पाण्याचा अंश असतो. काचेवर तेलाचा थर बसतो आणि दुसऱ्या दिवशी रुई दुप्पट चिकटते. हाताने दाबायचा रबरी ब्लोअर आणि चष्मा पुसायचं मऊ कापड पुरेसं आहे. आठवड्याला दोनदा, पट्टा बंद करून. चालू पट्ट्यावर वाकून काच पुसू नका. ओढणीचं टोक किंवा शर्टाची बाही रोलरमध्ये जायला क्षणही लागत नाही.

दुसरं: कॅमेरा हलला आहे का

कॅमेरा पट्ट्याच्याच सांगाड्यावर बसवला असेल तर मोटरच्या थरथराटाने तो महिन्या-दोन महिन्यांत थोडा वळतो. डोळ्याला कळत नाही. म्हणून बसवला त्या दिवशीचा एक फोटो जपून ठेवायचा आणि आजचा फोटो त्याच्याशी ताडून बघायचा. फोटो असा काढता येतो:

```
ffmpeg -rtsp_transport tcp -i "rtsp://CAMERA_IP/stream" -frames:v 1 -update 1 aaj.jpg
```

पत्ता तुमच्या कॅमेऱ्याचा टाका. दोन्ही फोटोंत न हलणाऱ्या दोन खुणा शोधा, उदाहरणार्थ गाइड रेलच्या स्क्रूची डोकी. ती दोन्ही फोटोंत कितव्या पिक्सेलवर आहेत ते बघा.

हे का महत्त्वाचं, ते आमच्या नेहमीच्या मांडणीवरून सांगतो. पट्ट्याची 64 सेंटिमीटर लांबी 1280 पिक्सेलमध्ये दिसते, म्हणजे एक पिक्सेल म्हणजे अर्धा मिलिमीटर. खूण चार-पाच पिक्सेल सरकली तर दोन-अडीच मिलिमीटरचा फरक, तो चालतो. वीस-तीस पिक्सेल सरकली तर एक-दीड सेंटिमीटरचा फरक पडतो. मग सॉफ्टवेअरमध्ये आखून दिलेली चौकट गाइड रेलवर चढते, आणि न हलणारी रेल म्हणजे अडकलेला नग असं त्याला वाटू लागतं. उपाय सोपा: कॅमेरा परत जागेवर आणा आणि शक्य असेल तर पट्ट्याला न टेकणाऱ्या वेगळ्या खांबावर बसवा.

तिसरं: उजेड. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

एक प्रत्यक्ष घडलेलं प्रकरण सविस्तर सांगतो, कारण त्यात मी स्वतः एक वर्ष चुकलो.

एका कारखान्यात मे महिन्यात रोज दुपारी खोटा जॅम यायचा. पट्टा मिनिटाला 12 मीटर वेगाने चालणारा, दर अडीच सेकंदाला एक नग. एखादा नग चौकटीत 4 सेकंदांपेक्षा जास्त एका जागी राहिला तर हूटर, असा नियम मी घातला होता. पॅकिंगवरच्या अक्का म्हणाल्या, "दादा, जेवायच्या सुट्टीच्या अगोदर ओरडायला लागतंय बघा, आणि जेवून आलो की गप." मी ते मनावर घेतलं नाही. व्होल्टेज कमी-जास्त होत असेल म्हणून कॅमेऱ्याचा अडॅप्टर बदलला. मग नेटवर्कची केबल बदलली. शेवटी 4 सेकंदांचे 15 केले. हूटर बंद झाला, मालकही खूश. सप्टेंबरमध्ये मी आकडा परत 4 वर आणला, तरी खोटा हूटर आला नाही. काम झालं असं मी समजलो.

पुढच्या एप्रिलच्या मध्यात तीच तक्रार परत आली. त्या वेळी वही ठेवली. पाच दिवसांच्या नोंदी एकासारख्या एक होत्या: साधारण 11:50 ला सुरू, 12:50 च्या सुमारास बंद. मी त्या तासाभरात तिथे उभा राहिलो आणि फक्त पट्ट्याकडे बघत राहिलो. पश्चिमेकडून उन्हाचा एक कवडसा हळूहळू पट्ट्यावर सरकत आला, चौकटीतून गेला आणि पूर्वेला निघून गेला.

छतावर उजेडासाठी पूर्वी फायबरचा जुना पिवळा पडलेला पत्रा होता. तो ऊन पसरवून सोडायचा, त्यामुळे खाली कवडसा पडत नव्हता. आदल्या वर्षी तो तडकला म्हणून त्या जागी स्वच्छ पॉलिकार्बोनेटचा पत्रा बसवला होता. त्यातून ऊन सरळ खाली येत होतं. पांढऱ्या शुभ्र कवडशाची कड सॉफ्टवेअरला टॉवेलच्या कडेसारखी दिसे. आणि हा 'टॉवेल' पट्ट्याबरोबर पुढे जात नसल्यामुळे 4 सेकंदांनी जॅम जाहीर होई. त्याच वेळी कवडशाखालून जाणारा खरा पांढरा टॉवेल इतका चकाके की त्याचा उघडा कोपरा दिसतच नसे. म्हणजे खोटा जॅम आणि सुटलेला दोष, दोन्ही एकाच कारणाने.

हे ठरावीक महिन्यांतच का होतं, तेही नीट समजून घ्या. सोलापूर साधारण 17.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, आणि मधल्या काळातही तो डोक्यापासून फार लांब जात नाही. आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात बाराला येत नाही. भारतीय प्रमाणवेळ ज्या रेखांशावर ठरते त्याच्या आपण पश्चिमेला आहोत, म्हणून मेमध्ये ती वेळ साधारण 12:20 ते 12:25 असते. वहीतल्या 11:50 ते 12:50 चा मध्य बरोबर तिथेच येतो.

तो पत्रा पट्ट्यापासून सहा मीटर उंच, कॅमेऱ्याच्या थेट वर. सूर्य तासाला 15 अंश सरकतो, त्यामुळे सहा मीटर खाली कवडसा तासाला साधारण दीड मीटर सरकतो. पत्र्याची रुंदी एक मीटरच्या आसपास आणि कॅमेऱ्याची चौकट 64 सेंटिमीटर, म्हणजे कवडसा शिरून बाहेर पडायला तासभर. डिसेंबरमध्ये तोच कवडसा दुपारी पत्र्याच्या पाच मीटर उत्तरेला पडतो, तिथे पट्टाच नाही. म्हणून सप्टेंबरमध्ये 'दुरुस्त' झालेलं एप्रिलमध्ये परत आलं. जुलैमध्ये ढगांमुळे कधी यायचं, कधी नाही, आणि तेव्हा मी नेटवर्कवर संशय घेत होतो.

तुमच्याकडे असं आहे का हे बघायला एक पैसा लागत नाही. वहीतल्या वेळेला पट्ट्याजवळ उभे राहा. दोघांनी पुठ्ठ्याचा मोठा खोका उघडून कॅमेऱ्याच्या वर, पट्ट्यापासून हात लांब ठेवून, दहा मिनिटं सावली धरा. हूटर थांबला, पुठ्ठा काढल्यावर पुन्हा वाजला, तर कारण सापडलं. खिडकीतून किंवा शटरमधून येणारं सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊनही असंच तपासता येतं.

उपाय म्हणून छताला काळा रंग मारू नका, कामगारांना उजेड हवा असतो. कॅमेरा आणि त्याखालचा पट्टा झाकणारी पत्र्याची किंवा प्लायवूडची टोपी करून घ्या. दोन्ही बाजूंना फक्त नग जाण्याइतकी फट ठेवा आणि आत स्वतःचे एलईडी दिवे लावा. टोपी आतून पांढऱ्या, चमक नसलेल्या रंगाने रंगवा. त्यामुळे उजेड सगळीकडून सारखा पडतो आणि प्लास्टिकच्या पिशवीवर तिरीप येत नाही. पिशवीवरची तिरीप आणि पांढरं लेबल यात सॉफ्टवेअर फार गफलत करतं. टोपी बसवल्यावर आत दिवसरात्र एकच उजेड राहतो, आणि बाकी अर्ध्या तक्रारी आपोआप मिटतात.

आता त्या 15 सेकंदांबद्दल, कारण हा उपाय फार लोक करतात. दर अडीच सेकंदाला एक नग येत असेल तर 15 सेकंदांत सहा नग एकमेकांवर चढतात. माझ्या त्या चुकीच्या वर्षात एकदा असेच नग साचले, पिशव्या फाटल्या आणि एक टॉवेल टेपिंग मशीनच्या रोलरमध्ये ओढला गेला. 4 सेकंदांत एखाद-दुसराच नग साचतो, तेवढा हाताने बाजूला करता येतो. खोट्या हूटरला कंटाळून हा आकडा वाढवणं म्हणजे खरा जॅम उशिरा कळेल याची सोय करणं. कारण सापडल्याशिवाय त्याला हात लावू नका.

चौथं: कॅमेऱ्याच्या सेटिंग

बहुतेक ठिकाणी पट्ट्यावर साधा सीसीटीव्ही कॅमेरा असतो. तो माणसं आणि गेट बघायला बनवलेला आहे, आणि त्याच्या काही 'सुधारणा' इथे नडतात. कॅमेऱ्याच्या पानावर जाऊन चार गोष्टी बघा.

`Shutter` आपोआप बदलणारा असेल तर तो ठरावीक करा. पट्टा मिनिटाला 12 मीटर म्हणजे सेकंदाला 20 सेंटिमीटर. शटर 1/50 सेकंद असेल तर तेवढ्या वेळात नग 4 मिलिमीटर सरकतो आणि कड तेवढी पुसट होते. 1/500 ला हे 0.4 मिलिमीटरवर येतं, म्हणजे एका पिक्सेलहून कमी. शटर जलद केला की चित्र काळवंडतं, त्यासाठीच टोपीतले दिवे जोरदार हवेत.

इथेच एक खाच आहे. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे तिच्यावर थेट चालणारे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला 100 वेळा मंद-प्रखर होतात. 1/100 सेकंदाच्या शटरमध्ये एक पूर्ण फेरा मावतो, म्हणून चित्र स्थिर दिसतं. 1/500 मध्ये फेऱ्याचा एक तुकडाच सापडतो, मग एक चित्र उजळ, एक काळसर, आणि मध्ये आडवे पट्टे. हे पट्टे दिसत असतील तर टोपीतले दिवे डीसी पुरवठ्यावर चालणारे घ्या. अडॅप्टर धरून खर्च फार नाही. आणि कॅमेऱ्यात `60Hz` निवडलेलं असेल तर ते `50Hz` करा. नवीन कॅमेऱ्यांत ते तसंच राहून गेलेलं मी बऱ्याचदा पाहिलं आहे.

`WDR` आणि `3D DNR` या दोन्ही बंद करा किंवा अगदी कमी ठेवा. पहिली वेगवेगळ्या उजेडात घेतलेली चित्रं एकत्र करते, दुसरी मागच्या चित्रांची सरासरी घेऊन दाणे घालवते. उभ्या भिंतीसाठी दोन्ही चांगल्या. चालत्या नगामागे मात्र भुतासारखी छटा उमटते आणि घडीची कड दोनदा दिसते.

`Day/Night` हे `Day` वर कायम करा. संध्याकाळी उजेड कमी झाला की कॅमेरा आपोआप काळ्या-पांढऱ्यावर जातो आणि इन्फ्रारेड दिवे लावतो. मग निळा टॉवेल करडा दिसतो आणि पिशवी चकाकते. संध्याकाळनंतर चांगले नग बाजूला जाण्याचं हे नेहमीचं कारण.

पाचवं: चित्र उशिरा येतंय का

मोबाइलवर स्टॉपवॉच लावा, पट्टा बंद असताना कॅमेऱ्याखाली धरा आणि कॉम्प्युटरवर दिसणारी वेळ आणि मोबाइलवरची वेळ यांतला फरक बघा. अर्धा-एक सेकंद ठीक. दोन तासांनी पुन्हा मोजा. फरक एकावरून आठ-दहा सेकंदांवर गेला असेल तर कॉम्प्युटरला येणारी चित्रं वेळेत तपासून होत नाहीत आणि मागे रांग लागते. तो जे बघतो ते जुनं असतं. बंद-चालू केल्यावर रांग रिकामी होते, म्हणून दोन तास बरं वाटतं.

कॅमेऱ्यातून सेकंदाला 25 चित्रं येत असतील तर ती 5 वर आणा. नग चौकटीतून जायला सव्वातीन सेकंद लागतात, म्हणजे 5 चित्रांच्या वेगानेही एकेक नग सोळा वेळा दिसतो. तेवढं भरपूर आहे. तरीही फरक वाढत असेल तर प्रोग्राम लिहिणाऱ्याला सांगा की रांगेतलं फक्त शेवटचं चित्र घ्यायचं, जुनी टाकून द्यायची.

सहावं: जॅमचा नियमच चुकीचा आहे का

इथपर्यंत सगळं ठीक असूनही खरा जॅम सुटत असेल तर नियम वाचा. मला सर्वांत जास्त वेळा सापडणारा चुकीचा नियम असा: 'चित्रात हालचाल थांबली की जॅम.' वाचायला पटतं. पण माल अडकतो तेव्हा पट्टा थांबत नाही. नग टेपिंग मशीनच्या तोंडाशी अडतो आणि त्याच्याखालून पट्टा सरकत राहतो, त्याचा सांधा, त्यावरचे डाग, रुईचे पुंजके सगळं हलत असतं. नगसुद्धा जागेवरच थरथरतो. सॉफ्टवेअरला हालचाल भरपूर दिसते आणि ते गप्प बसतं. उलट सुट्टीत पट्टा मुद्दाम बंद केला की सगळं थांबतं आणि हूटर वाजतो.

जॅम म्हणजे पट्टा चालू असताना नगाने पुढे न जाणं. म्हणून दोन गोष्टी वेगवेगळ्या कळायला हव्यात: पट्टा चालू आहे का, आणि नगाचा मध्य किती पुढे गेला.

```python
# moved_mm: nag 4 sekandat kiti pudhe gela
if belt_running and stay_sec > 4 and moved_mm < 40:
    alarm("JAM")
```

चालत्या पट्ट्यावर 4 सेकंदांत नग 80 सेंटिमीटर जायला हवा, म्हणजे चौकटीच्या बाहेर. 40 मिलिमीटरची सूट थरथरीसाठी आहे, आणि ती अडलेला नग ओळखायला आड येत नाही.

पट्टा चालू आहे हे कळण्याचा उत्तम मार्ग म्हणजे मोटरच्या ड्राइव्हमधून सिग्नल घेणं, पण ते इलेक्ट्रिशियनचं काम. तोवर मी एक साधा उपाय करतो. पट्ट्याच्या कडेला, जिथे नग येत नाही तिथे, दर 20 सेंटिमीटरवर पांढऱ्या रंगाची बोटभर खूण. पट्टा चालू असला की कॅमेऱ्याखालून सेकंदाला एक खूण जाते. खुणा जायच्या थांबल्या म्हणजे पट्टा बंद. महिन्याने खुणा मळतात, परत रंगवाव्या लागतात.

सातवं: माल बदलला आहे का

हे शेवटी ठेवलं कारण यात वेळ जातो. पीव्हीसीचा पट्टा बहुधा हिरवा असतो. त्यावर गडद हिरवा टॉवेल आला की नग आहे हेच सॉफ्टवेअरला कळत नाही. जाड पिशवी, नवं लेबल, अर्ध्याऐवजी तिहेरी घडी, कशानेही पूर्वी शिकवलेलं अपुरं पडतं.

तुमच्याच मालातले दहा खराब नग निवडून एका पेटीत ठेवा. उघडा कोपरा, लेबल नाही, उलटं लेबल, फाटकी पिशवी. रोज सकाळी ते वीस चांगल्या नगांत मिसळून पट्ट्यावरून सोडा. किती खराब सुटले आणि किती चांगले उगाच अडवले, हे दोन आकडे वेगवेगळे लिहा. फक्त 'एकूण किती बरोबर' असं लिहिलंत तर फसाल. खराब नग मुळात थोडेच असतात, त्यामुळे एकही न पकडणारं सॉफ्टवेअरसुद्धा बहुतेक वेळा बरोबरच दिसतं.

नवा रंग आला तर त्याचे निदान शंभरेक चांगले आणि मिळतील तितके खराब नग टोपीखाली, रोजच्याच वेगाने चालवून चित्रं साठवा, आणि ती घालून पुन्हा शिकवायला द्या. ऑफिसातल्या टेबलावर मोबाइलने काढलेले फोटो यासाठी चालत नाहीत.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

ड्राइव्हचं किंवा पॅनेलचं झाकण उघडायची वेळ आली तर परवानाधारक इलेक्ट्रिशियन. मेन स्विच बंद केल्यावरही ड्राइव्हच्या आत काही मिनिटं जीवघेणा विजेचा दाब राहतो. किती वेळ थांबायचं ते त्याच्या लेबलवर लिहिलेलं असतं.

कॅमेऱ्याच्या इशाऱ्यावर पट्टा आपोआप थांबवायचा असेल तर ती जोडणी कंट्रोलचं काम करणाऱ्याकडूनच करून घ्या. लाल आणीबाणीच्या बटणाच्या वायरिंगमध्ये कॅमेरा कधीही जोडू नका. कॅमेरा चुकतो, उशीर करतो, त्याची काच मळते. माणसाचा हात वाचवायचं काम त्याच्यावर सोपवता येत नाही. अडकलेला नग काढायचा तर आधी पट्टा बंद, स्विचला कुलूप, आणि चावी नग काढणाऱ्याच्या खिशात.

पट्टा एका बाजूला सरकत असेल, किंवा माल एकाच जागी रोज खरोखर अडकत असेल, तर कॅमेरा खरं बोलतोय. फिटरला बोलावून गाइड रेल, रोलर आणि दोन पट्ट्यांमधली फट दाखवा.

आणि मालक म्हणाले की आता सुटलेला धागाही कॅमेऱ्याने पकडला पाहिजे, तर याच कॅमेऱ्यात प्रयत्न करत बसू नका. धागा अर्धा मिलिमीटर जाड, म्हणजे जेमतेम एक पिक्सेल. भरवशाने दिसायला निदान तीन-चार पिक्सेल हवेत. त्यासाठी वेगळा कॅमेरा, वेगळी लेन्स आणि वेगळा उजेड लागतो. औद्योगिक कॅमेऱ्यांचं काम करणाऱ्याला बोलवा, आणि पैसे देण्याआधी तुमच्याच पट्ट्यावर, तुमच्याच दहा खराब नगांवर ते चालवून दाखवायला सांगा.